जुन्या फ्लॅटसाठी गृहकर्ज: विसार देण्याआधी कोणते कागद पाहायचे

बँकेच्या गृहकर्ज विभागात मी नोकरीभर फाइली तपासल्या. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. लोक आधी फ्लॅट पसंत करतात, मग विसार देतात, मग बँकेत येतात आणि कागद सगळ्यात शेवटी उघडतात. अडचण निघते तेव्हा पैसे अडकलेले असतात. म्हणून माझ्या भाचीचा फोन आला, "मामा, उद्या दोन लाख विसार द्यायचाय, एकदा कागद बघता का?" तेव्हा मी तिला विसार पंधरा दिवस थांबवायला सांगितलं. त्या पंधरा दिवसांत आणि पुढच्या दोन महिन्यांत जे घडलं, त्याच क्रमाने हा लेख लिहितो आहे. नव्या इमारतीत बिल्डरकडून घेताना महारेराची नोंदणी वगैरे वेगळे मुद्दे येतात. इथे फक्त सोसायटीतला जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा फ्लॅट आहे, कारण पहिलं घर घेणारे बरेच जण तिथेच वळतात आणि सगळ्यात जास्त गुंते तिथेच असतात.

फ्लॅट पुण्यात, सिंहगड रस्त्याला. इमारत २००४ची, ठरलेली किंमत ६८ लाख. भाची नोकरीत, जावयाचा एसी दुरुस्तीचा व्यवसाय. दोघं मिळून कर्ज घेणार होते.

आधी स्वतःची फाइल

घर शोधण्याआधी आपल्याला किती कर्ज मिळेल ते काढून ठेवावं, आणि त्याची सुरुवात क्रेडिट रिपोर्टपासून करावी. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्याकडे हे रिपोर्ट बनवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. लोक फक्त स्कोअर बघतात. बँकेतला माणूस मात्र खाली जाऊन प्रत्येक खात्यापुढचा शेरा वाचतो. भाचीचा स्कोअर चांगला होता, पण एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे 'सेटल्ड' असं लिहिलेलं होतं. कार्ड कंपनीशी तडजोड करून तिने कमी रक्कम भरली होती आणि विषय संपला असं समजून चालली होती. बँकेच्या नजरेत 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलेलं आणि 'सेटल्ड' म्हणजे काही बुडवलेलं. तिने उरलेले नऊ हजार भरले, थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं आणि शेरा बदलून घेतला. यात महिनाभर गेला. हे अर्ज केल्यावर कळलं असतं तर अर्ज तिथेच अडला असता. जावयाच्या रिपोर्टमध्ये मित्राच्या कर्जाची जामीनकी दिसली. जामीन राहिलेलं कर्जसुद्धा आपल्या नावावर दिसतं, हे त्याला माहीतच नव्हतं. मित्राचे हप्ते वेळेवर जात होते म्हणून निभावलं.

उत्पन्नाच्या पुराव्याचं म्हणाल तर नोकरदाराची फाइल सोपी असते. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा (काही बँका सहा मागतात), पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६, कंपनीचं ओळखपत्र किंवा नेमणूकपत्र, शिवाय पॅन आणि आधार. तपासणारा हे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचतो. स्लिपेवरची निव्वळ रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम रुपयापर्यंत जुळली पाहिजे. स्लिपेवर कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसला पाहिजे. पगाराचा काही भाग रोखीने मिळत असेल तर तो बँकेच्या हिशेबात धरला जात नाही, मालकाने पत्र दिलं तरीही. आणि स्टेटमेंटमध्ये एखादा हप्ता परत गेलेला दिसला तर त्याबद्दल नक्की विचारणा होते, म्हणून त्याचं कारण आधीच एका ओळीत लिहून फाइलीला जोडावं.

व्यावसायिकाची फाइल जाड असते. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं उत्पन्नाच्या गणनेसह, सीएने सही केलेले ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, जीएसटी असेल तर त्याची विवरणपत्रं, चालू खात्याचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि व्यवसाय चालू असल्याचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता. विवरणपत्र भरल्याची तारीख आम्ही आवर्जून पाहायचो. दरवर्षी वेळेत भरलेली तीन विवरणपत्रं आणि कर्जाच्या आधी एकाच महिन्यात भरलेली दोन विवरणपत्रं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात उत्पन्न कर्जासाठी फुगवल्याचा संशय येतो. आणि ज्यांनी कर वाचवायला वर्षानुवर्षं उत्पन्न कमी दाखवलं, त्यांना कर्जही तेवढ्याच उत्पन्नावर मिळतं. यावर दोन महिन्यांत करता येईल असा उपाय नाही. घर दोन वर्षांनी घ्यायचं असेल तर विवरणपत्र आजपासून खरं भरायला लागावं.

आता भाचीचा हिशेब. तिचा हातात येणारा पगार ७८ हजार. जावयाच्या शेवटच्या दोन विवरणपत्रांत ७.२ लाख आणि ६ लाख. त्यांची सरासरी ६.६ लाख, म्हणजे महिन्याला ५५ हजार. दोघांचं मिळून १ लाख ३३ हजार. त्यांच्या बँकेने यातला निम्मा भाग हप्त्यांसाठी मोकळा धरला, म्हणजे ६६,५००. गाडीचा चालू हप्ता ११,५०० वजा जाता ५५ हजार उरले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता साधारण ८६८ रुपये येतो. त्या हिशेबाने ५५ हजारांत सुमारे ६३ लाखांचं कर्ज बसतं. दोघांचा आनंद मी पाहिला, पण ही आकडेमोड फक्त फेडण्याच्या ताकदीची आहे. दुसरी मर्यादा घर ठरवतं.

घराच्या किमतीवरची मर्यादा

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत देता येतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत सहसा धरत नाहीत. आणि किंमत म्हणजे तुम्ही विक्रेत्याशी ठरवलेली की बँकेच्या मूल्यांकनकाराने काढलेली? यांतली जी कमी असेल ती.

या फ्लॅटला जोडून एक छोटी गच्ची होती. विक्रेत्याने ती भिंत आणि पत्रे घालून बंद केली होती आणि खोली म्हणून किंमत लावली होती. मूल्यांकनकाराने मंजूर नकाशा हातात घेऊन मोजणी केली आणि ती जागा खोली म्हणून धरली नाही. त्याचा आकडा आला ६४ लाख. त्याचे ८० टक्के म्हणजे ५१ लाख २० हजार. दोघांनी मात्र ६८ लाखांच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ५४ लाख ४० हजारांवर, मन बांधलं होतं.

हाताने घालायच्या पैशांवर याचा काय परिणाम होतो ते पाहा. ६८ लाखांतून कर्ज वजा जाता १६ लाख ८० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारांसह सात टक्के, म्हणजे ४ लाख ७६ हजार. नोंदणी फी ३० हजार, कारण तिला तीच कमाल मर्यादा आहे. एकूण २१ लाख ८६ हजार, म्हणजे त्यांच्या अंदाजापेक्षा ३ लाख २० हजार जास्त. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पतीचं नाव जोडीला आलं की ती जाते, हे बऱ्याच जणांना सही करताना कळतं. शिवाय शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं, म्हणून त्या भागाचा शासकीय दर आधी पाहून ठेवावा.

नकाशा हातात घेऊन घर पाहणं तुम्हालाही जमतं. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत सोसायटीकडे असते. खोल्या मोजा, बाल्कनी आत घेतली आहे का, दोन फ्लॅट जोडले आहेत का, वरचा मजला नकाशात आहे का ते पाहा. सोबत भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागा आणि ते पूर्ण इमारतीचं आहे की काही भागाचं, हे नीट वाचा. अंशतः भोगवटा पत्रात फक्त अ विंग असते आणि फ्लॅट ब विंगेत असतो, अशा फाइली माझ्याकडे आलेल्या आहेत. भोगवटा पत्र नसलेल्या इमारतीत बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्या खरेदीदारालाही तीच अडचण येईल.

मालकीची साखळी

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. विक्रेत्याला विकण्याचा हक्क कुठून आला, हे कागदावर एकही कडी न तुटता दिसलं पाहिजे. बिल्डरला जमिनीचा हक्क कसा मिळाला इथपासून वकील सुरुवात करतो: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र. ते वाचणं तुमचं काम नाही. पुढची साखळी मात्र तुम्ही स्वतः लावू शकता. बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला नोंदणीकृत करारनामा, त्यानंतर जेवढ्या वेळा फ्लॅट विकला गेला तेवढी खरेदीखतं, प्रत्येकासोबत इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा उतारा, आणि नोंदणीची पावती, आणि शेवटी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरांच्या नोंदी असतात. त्या नोंदींची नावं आणि खरेदीखतांची नावं क्रमाने जुळली पाहिजेत. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं.

हे कागद मूळ स्वरूपात बघायचे. झेरॉक्स बघून विसार देऊ नये. मूळ कागद बँकेत असतील तर विक्रेत्याचं कर्ज चालू आहे. त्यात काही गैर नाही, फक्त त्या बँकेचं किती येणं बाकी आहे त्याचं आणि तिच्याकडे कोणते कागद आहेत त्या यादीचं पत्र मागायचं. "हरवले आहेत, प्रमाणित प्रत काढून देतो" असं उत्तर आलं तर मात्र थांबायचं. कागद खरोखर हरवू शकतात. पण हरवलेला म्हटलेला करारनामा दुसऱ्या सावकाराकडे किंवा पतसंस्थेत ठेवलेलाही असू शकतो. पोलिसांकडची तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रत या तिन्हीशिवाय पुढे जाऊ नये, आणि तुमची बँक असं प्रकरण घेते का, ते आधी विचारावं.

नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सदनिका क्रमांक घातला की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. दस्ताचा प्रकार, लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, तारीख हे सगळं त्यात असतं. एकाच मिळकतीची नोंद कुठे सर्व्हे नंबरने, कुठे हिस्सा नंबरने, कुठे फक्त फ्लॅट नंबरने झालेली असते, म्हणून तीन-चार प्रकारे शोधावं. इथे दोन गोष्टी शोधायच्या. एक, तुम्हाला दाखवलेल्या साखळीत नसलेला एखादा दस्त. दुसरी, 'नोटीस ऑफ इंटिमेशन'. महाराष्ट्रात २०१३ पासून, मूळ कागद ठेवून कर्ज घेतलं की त्याची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते, त्यामुळे बँकेचा बोजा या शोधात दिसतो. त्याच्या जोडीला सरसाई या केंद्रीय नोंदवहीतही नाममात्र शुल्क भरून मिळकतीवरचं गहाण शोधता येतं.

या ऑनलाइन शोधाची मर्यादा अशी की जुन्या वर्षांच्या सगळ्या नोंदी संगणकावर नाहीत. म्हणून वकिलाकडून शोध घ्यावाच लागतो. बँका साधारण तीस वर्षांचा शोध मागतात. त्यामागचं एक कारण म्हणजे गहाण मिळकत सोडवून घेण्याचा दावा करायला मुदतीच्या कायद्याने तीस वर्षं दिली आहेत. वकिलाच्या सर्च रिपोर्टला शोध शुल्काची सरकारी पावती जोडलेली असली पाहिजे. पावती नसेल तर प्रत्यक्ष शोध घेतला गेला का, असा प्रश्न जरूर विचारा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "बँकेच्या वकिलाने पास केलं म्हणजे मिळकत निर्वेध" असं लोक धरून चालतात. पॅनेलवरचा वकील बँकेला अहवाल देतो, तुम्हाला नाही. बँकेला मिळकतीच्या किमतीपैकी आपलं कर्ज सुरक्षित आहे एवढं पुरतं, शिवाय तुमच्या पगारावर तिचा हक्क आहेच. उद्या कोणी वारस उभा राहिला तर कोर्टाच्या पायऱ्या तुम्हाला चढाव्या लागतील आणि हप्ता तर चालूच राहील. म्हणून काही हजार रुपये खर्चून स्वतःचा वकील करावा. साठ-सत्तर लाखांच्या खरेदीत हा खर्च वाचवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आजीचा हिस्सा

भाचीच्या व्यवहारात तिच्या वकिलानेच तिला वाचवलं. फ्लॅट २००४ साली एका गृहस्थांनी स्वतःच्या नावावर घेतला होता. ते २०१७ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत पत्नीचं नामनिर्देशन होतं, म्हणून २०१८ मध्ये शेअर सर्टिफिकेट पत्नीच्या नावावर झालं. आता पत्नी विकत होती आणि मुलगा व मुलगी दोघंही सही द्यायला तयार होते. तिघांनी 'आम्हीच वारस' असं प्रतिज्ञापत्रही करून ठेवलं होतं. बघताना सगळं व्यवस्थित वाटत होतं.

पहिली गोष्ट, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी आपलं दप्तर चालवण्यासाठी नॉमिनीचं नाव लावते, पण मालकी वारसा कायद्याने ठरते. हे इथे पत्नीलाही ठाऊक होतं, म्हणून तर मुलं सह्या करत होती. पण वकिलाने सगळे कागद वाचून एकच प्रश्न विचारला: "साहेब गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या का?"

होत्या. २०२० मध्ये वारल्या.

हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुलींबरोबर त्याची आईही येते. म्हणजे २०१७ मध्ये फ्लॅटचे चार समान हिस्से झाले: पत्नी, मुलगा, मुलगी, आई, प्रत्येकी एक चतुर्थांश. २०२० मध्ये आजी गेल्या, त्याही मृत्युपत्र न करता, तेव्हा त्यांचा चतुर्थांश त्यांच्या वारसांकडे गेला. त्यांचे पती आधीच वारले होते. आजींना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी होती, आणि आधी गेलेल्या मुलाची ही दोन मुलं. तीन शाखांत वाटणी झाली, प्रत्येक शाखेला बारावा हिस्सा. मयताच्या भावाकडे एक बारांश आणि बहिणीकडे एक बारांश. ६८ लाखांत प्रत्येकी साडेपाच लाखांहून अधिक. या दोघांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती. कुणी लबाडी केली होती असं नाही. आजीचा हिस्सा असतो, हे त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं.

दीर आणि नणंद यांनी पत्नीच्या लाभात हक्कसोडपत्र करून द्यायचं ठरलं. इथे एक चूक फार होते. लोक पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हक्क सोडल्याचं लिहून नोटरी करून आणतात. स्थावर मिळकतीतला हक्क नोटरीच्या शिक्क्याने सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, त्याशिवाय बँक ते वाचतही नाही. दोघं वेगवेगळ्या गावांत राहत होते, तारखा जुळवून नोंदणी व्हायला पाच आठवडे लागले. वारसांपैकी कुणी परदेशात असता तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करून घ्यावं लागलं असतं आणि ते इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागला असता. वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि तिला किती वेळ लागेल याचा भरवसा देता येत नाही.

हा कायदा हिंदूंना आणि त्याचबरोबर बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात. पण प्रश्न विचारण्याची पद्धत तीच. मूळ मालक वारला असेल तर त्या दिवशी हयात असलेल्या सगळ्या नातेवाइकांची वंशावळ कागदावर काढा. आई होती का, लग्न झालेल्या मुली किती, आधी वारलेल्या मुलाची मुलं आहेत का, हे विक्रेत्याला एकेक करून विचारा. त्यात संकोच करू नका. नंतर त्यांतलं जो कुणी वारलं असेल त्याच्यासाठी पुन्हा तेच. वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर नोटीस द्यायची पद्धत आहे आणि ती द्यावीही, पण नोटीस वाचली नाही म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. वंशावळीला नोटीस हा पर्याय नव्हे.

विसारपावतीत काय लिहून घ्यायचं

वकिलाचा पहिला अहवाल हातात आल्यावर, पुढचा मार्ग ठरल्यावर भाचीने विसार दिला, दोन लाखांऐवजी पन्नास हजार, चेकने. पावतीत वकिलाने एक वाक्य घातलं: मिळकतीचे हक्क निर्वेध व विक्रीयोग्य नसल्याचे आढळल्यास, किंवा त्या कारणाने बँकेने कर्ज नाकारल्यास, विसाराची संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल. हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, होणार नाही, असं दुसरं वाक्य. विक्रेते कधी कधी असं लिहून द्यायला नाराज असतात. ज्याचे कागद स्वच्छ आहेत त्याला यात काही गमावायचं नसतं, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावं.

मूल्यांकनाचा आकडाही विसाराच्या आधीच आला, हे त्यांचं नशीब नव्हतं. भाचीने बँकेला आधीच तसं सांगितलं होतं. काही बँका विसारपावती किंवा साठेखताच्या मसुद्यावर मूल्यांकन आणि कायदेशीर तपासणी सुरू करतात. विचारून पाहावं. ६४ लाखांचा आकडा समोर ठेवून तिने विक्रेत्याशी पुन्हा बोलणी केली. किंमत कमी झाली नाही, पण गच्चीची भिंत विक्रेत्याने स्वखर्चाने काढून द्यायची ठरली आणि उरलेल्या ३ लाख २० हजारांची सोय करायला दोघांना वेळ मिळाला.

मंजुरी ते चेक

मंजुरीपत्र हातात आलं की लोक पेढे वाटतात. त्यातल्या अटी मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचाव्यात. उत्पन्नावरची मंजुरी आणि मिळकतीवरची मंजुरी वेगळ्या असतात. 'कायदेशीर व तांत्रिक अहवाल समाधानकारक असल्यास' असं लिहिलेलं असेल तर मिळकत अजून पास झालेली नाही. पत्राला मुदत असते. हक्कसोडपत्रासारख्या कामात ती उलटली तर ताज्या सॅलरी स्लिपा पुन्हा द्याव्या लागतात, आणि मधल्या काळात नोकरी बदलली असेल तर फाइल जवळपास नव्याने चालते. म्हणून या दोन-तीन महिन्यांत नोकरी बदलू नये, आणि हप्त्यावर फ्रीज-मोबाइलही घेऊ नये. पैसे देण्याआधी बँक क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढू शकते.

पुढचा क्रम असा झाला. आपल्या वाट्याची रक्कम विक्रेतीला बँकेतून दिली. व्यवहार ५० लाखांपेक्षा जास्त असल्यामुळे एक टक्का, म्हणजे ६८ हजार रुपये, टीडीएस कापून सरकारात भरला. ही जबाबदारी खरेदीदाराची असते आणि भरल्याची पावती बँक मागते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा दर वेगळा आणि बराच जास्त असतो, तिथे सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मग पूर्ण मुद्रांक शुल्क भरून साठेखत नोंदवलं. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणि बँकेचा बोजा नोंदवायला हरकत नसल्याचं पत्र घेतलं. सोसायटी हस्तांतर शुल्क मागते, पण त्याला महापालिका क्षेत्रात २५ हजारांची कमाल मर्यादा आहे. त्यावर 'देणगी' मागितली तर लेखी मागा म्हणावं. शेवटी बँकेचा चेक विक्रेतीच्या नावाने निघाला आणि त्याच दिवशी खरेदीखत झालं.

मूळ कागद बँकेत जमा करताना भाचीने मी सांगितलेली एक गोष्ट केली. प्रत्येक दस्ताचा क्रमांक, तारीख, पानं, आणि मूळ आहे की प्रत, अशी यादी करून तिच्यावर बँकेचा सही-शिक्का घेतला: २००४चा करारनामा, त्याची नोंदणी पावती, हक्कसोडपत्र, साठेखत, खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे असतात आणि तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची असते. तो हक्क मागायला वीस वर्षांनी हातात ही यादी लागेल, म्हणून तिने ती तीन ठिकाणी ठेवली आहे. त्यातली एक प्रत माझ्या कपाटात आहे.